पासवर्ड हातानेच टाइप करा!

२०१४च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या एका ग्राहकाने ब्रिटिश गॅस या वीज आणि गॅस पुरवणाऱ्या बड्या कंपनीकडे ट्विटरवर तक्रार केली. तुमच्या साइटवर पासवर्ड पेस्ट करता येत नाही, असे का? कंपनीच्या ग्राहकसेवेने उत्तर दिले की पेस्ट करू दिले तर आमचे सुरक्षा प्रमाणपत्र जाईल, शिवाय पासवर्ड एकामागून एक लावून बघणाऱ्या हल्लेखोरांना रान मोकळे मिळेल. हे वाचून संगणक सुरक्षेत काम करणाऱ्या लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी त्याच महिन्यात या उत्तराची आणि अशा इतर साइट्सची सविस्तर चिरफाड केली. पेस्ट चालू ठेवल्याबद्दल काढून घेतले जाईल असे प्रमाणपत्र अस्तित्वातच नव्हते. पत्त्याच्या पट्टीत जे कुलूप दिसते, त्यामागचे प्रमाणपत्र ही साइट त्याच नावाची आहे एवढीच हमी देते. पासवर्ड तुम्ही बोटांनी भरता की पेस्ट करता, याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

त्या उत्तराला आता दशक उलटून गेले, पण ही पद्धत गेलेली नाही. बँक, विमा, म्युच्युअल फंड, सरकारी पोर्टल असे कुठेतरी आपण पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करायला जातो आणि काहीच घडत नाही. कधी ‘पेस्ट करण्यास मनाई आहे’ अशी पाटी येते. बहुतेक वेळा तीही येत नाही, आणि आपलेच बोट नीट दाबले गेले नसेल असे वाटून माणूस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतो.

ही मनाई करायला साइटला काय करावे लागते ते पाहण्यासारखे आहे. पानावरच्या चौकटीत काही पेस्ट केले की ब्राउझर त्या पानाला तशी सूचना देतो. ही सोय मुळात इंटरनेट एक्सप्लोररमधून आली, आणि ती उपयोगाची आहे. ईमेल लिहिताना चित्र थेट मजकुरात चिकटते किंवा दुसरीकडून उचललेल्या मजकुराचे रंग-आकार गळून पडतात, ते या सूचनेमुळेच. पण सूचनेला उत्तर म्हणून पान ‘नको’ असेही म्हणू शकते. त्यासाठी एवढेच लिहावे लागते:

```html
<input type="password" onpaste="return false">
```

म्हणजे हा पहारा साइटच्या सर्व्हरवर नसतो, तो तुमच्याच ब्राउझरमध्ये चालतो. जो माणूस पान उघडून सरळपणे चौकट भरतो त्यालाच तो अडवतो. हजारो पासवर्ड लावून बघणारा हल्लेखोर काही ब्राउझर उघडून, चौकटीत टिचकी मारून, पेस्ट करत बसत नाही. त्याचा प्रोग्राम नाव आणि पासवर्ड यांची जोडी थेट सर्व्हरकडे पाठवतो. ते पान तो उघडतही नाही, मग त्यातली ही ओळ त्याला अडवणार कशी? त्याला थोपवायचे तर सर्व्हरवर बंदोबस्त हवा: चुकीच्या प्रयत्नांची मोजणी, दर प्रयत्नामागे वाढत जाणारा थांबा, दुसऱ्या टप्प्यात ओटीपी. ब्रिटिश गॅसच्या उत्तरातला दुसरा मुद्दा इथे संपतो.

मग अडतो तो कोण? ज्याने पासवर्डची शिस्त पाळली तो. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका, असे सगळेच सांगतात. पन्नास-साठ खात्यांचे वेगवेगळे, लांब आणि अर्थहीन पासवर्ड डोक्यात राहत नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर आले. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, कीपास किंवा ब्राउझरमध्येच असलेली व्यवस्था. एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे मॅनेजर बनवतो, कुलूपबंद ठेवतो आणि लागेल तेव्हा भरतो.

तो भरतो कसा, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पहिली पद्धत आपोआप भरण्याची, म्हणजे ऑटोफिलची. मॅनेजर पानावरची पासवर्डची चौकट ओळखतो आणि तिच्यात मजकूर थेट ठेवतो. यात पेस्ट होतच नाही, त्यामुळे वरची ओळ असली तरी बऱ्याचदा हे काम होऊन जाते. मात्र पेस्ट अडवणाऱ्या साइट्स तेवढ्यावर थांबतात असे नाही. काही ठिकाणी पान प्रत्येक कळ दाबल्याची नोंद ठेवते आणि त्या नोंदीवरूनच लॉगिनचे बटण चालू करते. मग चौकट ठिपक्यांनी भरलेली दिसते आणि बटण मात्र करडेच राहते. अनुभवी लोक अशा वेळी शेवटी एक अक्षर टाइप करून पुसतात. पान जागे होते आणि बटण चालू होते. काही साइट्सवर चौकट केवळ वाचण्यापुरती ठेवलेली असते, आणि पडद्यावर काढलेल्या कीबोर्डवर माउसने एकेक अक्षर टिपावे लागते. तिथे मॅनेजरचे काहीच चालत नाही.

ऑटोफिल फसले की दुसरी पद्धत उरते, कॉपी-पेस्टची. मॅनेजर चौकट ओळखू शकला नाही, ऑफिसच्या संगणकावर त्याचे एक्स्टेन्शन बसवायला परवानगी नाही, किंवा बँकेचे अॅप वेगळ्याच पद्धतीने बांधलेले आहे, अशा सगळ्या वेळी हीच वाट असते. पेस्ट बंद केले की तीही बंद होते. उरतो तो एकच मार्ग: मॅनेजर उघडायचा, पासवर्ड डोळ्यांनी वाचायचा आणि बोटांनी उतरवायचा.

हे किती कठीण असते ते एका उदाहरणावरून पाहू. मॅनेजरने वीस अक्षरांचा हा पासवर्ड बनवला आहे असे समजा:

```
kQ7l-I0Osv8R1|mBz4tX
```

चौथ्या जागी लहान एल आहे, सहाव्या जागी मोठा आय. सातवे शून्य, आठवा मोठा ओ. तेरावा एकचा आकडा आणि चौदावी उभी रेघ. बऱ्याच फाँटमध्ये एल, आय आणि ती उभी रेघ जवळपास सारख्याच दिसतात. वाचतानाच अशी फसगत, आणि उतरवताना चौकटीत दिसतात ते निव्वळ ठिपके. काय उमटले ते तपासायची सोय नाही. फोनवर तर आणखी गंमत. ज्या कीबोर्डवर आकड्यांची वेगळी ओळ नसते तिथे या एका पासवर्डसाठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांच्यात डझनाहून अधिक वेळा ये-जा करावी लागते, आणि मोठ्या अक्षरांसाठी सहा वेळा शिफ्ट. शिवाय पासवर्ड एका अॅपमध्ये आणि चौकट दुसऱ्या अॅपमध्ये. चार-चार अक्षरे लक्षात ठेवून उड्या मारायच्या म्हटल्या तरी पाच फेऱ्या होतात, आणि दरम्यान मॅनेजर स्वतःला पुन्हा कुलूप लावून घेतो किंवा बँकेचे पान ‘सत्र संपले’ म्हणते.

आता जरा हिशेब करू. एखादा माणूस शंभर अक्षरांत एक चूक करतो असे धरा. फोनवर, ठिपक्यांच्या आड, अर्थहीन अक्षरे उतरवताना एवढी अचूकता म्हणजे चांगलीच म्हणायची. आठ अक्षरांचा पासवर्ड तो साधारण तेरा वेळांतून एकदा चुकवेल. वीस अक्षरांचा मात्र पाच-सहा वेळांतून एकदा. पासवर्ड जितका लांब, तितकी शिक्षा मोठी. साइट एकीकडे ‘पासवर्ड भक्कम ठेवा’ असे बजावते आणि दुसरीकडे भक्कम ठेवणाऱ्यालाच जास्त छळते.

पण या हिशेबावरून एक शंका निघते. अशा सुट्या चुका लागोपाठ तीनदा होण्याची शक्यता फार कमी, हजारात सहा. मग तीन प्रयत्नांत खाते बंद पडलेले इतके लोक का भेटतात? कारण बोट घसरण्याची चूक आणि वाचण्याची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोट घसरले तर पुढच्या खेपेला नीट पडते. मोठ्या आयला एल समजून बसलेला माणूस मात्र तिन्ही वेळा, अगदी काळजीपूर्वक, तेच चुकीचे अक्षर दाबतो. जितका सावकाश टाइप करेल तितका त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, आणि तिसऱ्या प्रयत्नाला खाते बंद होते. सर्व्हरला हा खातेदार आणि चोर यांतला फरक कळत नाही. दोघेही चुकीचेच पासवर्ड देत आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांची यात एक खास चूक असते. विंडोजवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला आणि त्याच अवस्थेत पासवर्ड टाइप केला तर चौकटीत देवनागरी अक्षरे उमटतात. ठिपके मात्र तसेच दिसतात, त्यामुळे काही बिनसले आहे हे कळायला मार्ग नाही. पेस्ट केलेल्या मजकुरावर कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे याचा परिणाम होत नाही.

नवे खाते उघडताना आणखी एक अर्धवट प्रकार दिसतो. पहिल्या चौकटीत पेस्ट चालते आणि ‘पासवर्ड पुन्हा लिहा’ या दुसऱ्या चौकटीत चालत नाही. यामागे तर्क आहे असे वाटते: माणसाने पहिल्या चौकटीत चूक केली आणि तीच उचलून दुसऱ्यात ठेवली तर पडताळणी फुकट जाईल. पण ठिपक्यांच्या चौकटीतून मजकूर कॉपी करू द्यायचा नाही, ही काळजी ब्राउझर स्वतःच घेतात. ज्या चुकीचा बंदोबस्त करायचा ती या वाटेने होऊच शकत नाही. पेस्ट केलेल्या पासवर्डात टायपिंगची चूक नसते. ती येते दुसरी चौकट हाताने भरायला लावल्यामुळे. त्यानंतर ‘दोन्ही पासवर्ड जुळत नाहीत’ असा संदेश येतो, आणि चूक वीसपैकी कितव्या अक्षरात आहे ते कोणी सांगत नाही.

एवढे झाल्यावर माणूस काय करतो? मॅनेजरने बनवलेला पासवर्ड सोडतो आणि `Ganesh@2015` च्या वळणाचे काहीतरी ठेवतो. मोठे अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडा आहे, सगळे नियम पाळलेले. तो दुसरीकडेही वापरलेला असतो, आणि दुसरीकडून तो फुटला की तीच जोडी इथेही लावून पाहिली जाते. जे इतके धीट नसतात ते पासवर्ड कागदावर उतरवतात, किंवा समोर ठेवून वाचता यावा म्हणून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवतात.

आणखी एक नुकसान सहज डोळ्यांत भरत नाही, आणि मला ते सर्वांत मोठे वाटते. पासवर्ड मॅनेजर प्रत्येक पासवर्ड साइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधून ठेवतो. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे बनावट पान उघडले तर आपला डोळा फसतो, मॅनेजर फसत नाही. पत्ता जुळत नाही म्हणून तो पासवर्ड पुढेच करत नाही. त्याचे असे गप्प राहणे हाच इशारा असतो. पण ज्या माणसाला खऱ्या बँकेच्या साइटवरही मॅनेजर चालत नाही, हाताने टाइप करावे लागते, याची सवय झाली आहे, त्याला तो इशारा ऐकू कसा येणार? ‘नेहमीसारखे चालत नाहीये’ म्हणत तो बनावट पानावरही पासवर्ड टाइप करून मोकळा होतो. साध्या पेस्टलाही पत्ता तपासता येत नाही हे खरे, पण पेस्ट अडवणाऱ्या साइट्स बहुधा ऑटोफिललाही अडथळे घालतात आणि सवय तिथून बिघडते.

पेस्ट बंद करणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र पूर्ण पोकळ नाही. कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर राहतो आणि तो दुसऱ्या कुणाला वाचता येऊ शकतो. इंटरनेट एक्सप्लोरर ६च्या काळात एखादे वेबपान परवानगी न घेता क्लिपबोर्ड वाचू शकत असे. पुढच्या आवृत्तीत, २००६मध्ये, विचारणा सुरू झाली. आज ब्राउझर पानांना असे वाचू देत नाहीत. अँड्रॉइड १०पासून मागे चालणाऱ्या अॅपना क्लिपबोर्ड पाहता येत नाही, आणि आयफोनवर २०२०पासून एखाद्या अॅपने दुसरीकडचा मजकूर उचलला तर पडद्यावर सूचना येते. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास ठेवायची सोय आहे, तिथे जपायला हवे. म्हणूनच चांगले मॅनेजर कॉपी केलेला पासवर्ड काही सेकंदांत क्लिपबोर्डवरून पुसतात.

पण धोका मान्य केला तरी पेस्ट बंद करून काय साधते? पासवर्ड क्लिपबोर्डवर जातो तो कॉपी करताना. आपण चौकटीपाशी पोहोचतो तेव्हा तो तिथे आधीच असतो. साइटने पेस्ट नाकारले म्हणून तो तिथून जात नाही. संगणकात क्लिपबोर्ड वाचणारा घातक प्रोग्राम असेल तर त्याचे काम होऊन गेलेले असते, आणि असे प्रोग्राम बहुधा दाबलेली प्रत्येक कळही टिपतात. टाइप करायला लावून साइट पासवर्ड त्यांच्या दुसऱ्या हातात देते.

जाणकारांच्या संस्थांनी याबद्दल लिहून ठेवलेले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७च्या जानेवारीत पेस्ट करू द्या असे स्पष्ट सांगितले, आणि ही मनाई आली कुठून याचा शोध घेताना तिच्यामागे कुठलाही नियम किंवा संशोधन सापडत नसल्याचेही नोंदवले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेने आपल्या मार्गदर्शक नियमांत पेस्टची मुभा असावी असे म्हटले आणि कारण दिले ते पासवर्ड मॅनेजरचेच. २०२५च्या सुधारित आवृत्तीत मॅनेजर आणि ऑटोफिल चालू देणे बंधनकारक झाले, पेस्ट मात्र अजून ‘असावी’ याच पातळीवर आहे. वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीचे डब्ल्यूसीएजी २.२ हे निकष ऑक्टोबर २०२३मध्ये आले. त्यांचा रोख वेगळा आहे. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला, किंवा ज्याची स्मरणशक्ती कमी झाली आहे त्याला, अक्षरे आठवून किंवा बघून उतरवायला लावणे हा अडथळा मानला आहे. दुसरा मार्ग न देता पेस्ट आणि मॅनेजर अडवणारे लॉगिनचे पान त्या निकषात नापास होते.

तरीही मनाई टिकून आहे, त्याचे कारण मला तरी हे दिसते: तपासणीच्या यादीत कधीतरी चढलेली नोंद खोडायला कोणी तयार होत नाही. ती खोडल्यावर काही झाले तर जबाबदार कोण? न खोडल्यामुळे बंद पडलेली खाती ग्राहकाच्या चुकीत जमा होतात.

एका ठिकाणी मात्र हाताने लिहायला लावण्यात अर्थ आहे. नेट बँकिंगमध्ये पैसे पाठवायला नवा खातेक्रमांक जोडताना तो दोनदा लिहावा लागतो आणि दुसऱ्यांदा पेस्ट चालत नाही. पासवर्ड चुकला तर दार उघडत नाही, एवढेच. खातेक्रमांक चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात, कारण रक्कम क्रमांक पाहून जमा होते, नाव पाहून नाही. तिथेही आता बरा उपाय आला आहे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी समोरच्या खातेदाराचे नाव दाखवायची सोय द्यायला बँकांना सांगितले होते. नाव डोळ्यांसमोर आले की क्रमांक दोनदा टंकण्यापेक्षा चूक लवकर कळते.

साइट सुधारेपर्यंत वापरणाऱ्याला काही पळवाटा आहेत. फायरफॉक्समध्ये `about:config` उघडून `dom.event.clipboardevents.enabled` ही नोंद `false` केली की पेस्टची सूचना पानापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे नकारही येत नाही. ऑनलाइन दस्तऐवज लिहिण्याच्या साइट्स मात्र त्याने बिघडू शकतात, तेव्हा काम झाल्यावर ती पूर्ववत करावी. संगणकावर दुसऱ्या खिडकीतला मजकूर निवडून माउसने ओढत चौकटीत सोडून पाहा. पुष्कळ साइट्स पेस्ट अडवतात आणि ओढून सोडणे अडवायला विसरतात. कीपासमध्ये ऑटो-टाइप आहे. त्यात मॅनेजर स्वतःच एकेक कळ दाबल्यासारखे करतो आणि पान त्याला माणूसच समजते. फक्त त्या क्षणी कर्सर चौकटीतच आहे ना, ते पाहावे. ऑफिसच्या चॅटची खिडकी पुढे असेल तर पासवर्ड तिथे उमटतो, वर एंटरही दाबले जाते.

फोनवर यातले फारसे चालत नाही. ज्या साइटवर हाताने टंकणे टळणारच नाही, तिच्यासाठी पासवर्डच वेगळ्या धाटणीचा बनवावा. बहुतेक मॅनेजर विचित्र अक्षरांऐवजी शब्दांचा पासवर्ड बनवून देतात. सुमारे पावणेआठ हजार शब्दांच्या यादीतून यदृच्छेने उचललेले पाच शब्द हे दहा विस्कळीत अक्षरांइतके भक्कम असतात, आणि ते वाचून उतरवताना एल की आय असा घोळ होत नाही, कारण डोळा अख्खा शब्द ओळखतो. शब्द मॅनेजरलाच निवडू द्यावेत. आपण निवडले तर मुलांची नावे आणि गावाचे नाव येते. साइट पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ देत नसेल तर शब्द बसणार नाहीत. तिथे मॅनेजरच्या सेटिंगमधला ‘सारखी दिसणारी अक्षरे टाळा’ हा पर्याय निवडावा, मोठी अक्षरे सोडून द्यावीत आणि साइट अडून बसली तर एखादेच मोठे अक्षर आणि एखादेच चिन्ह अगदी शेवटी जोडावे. चौदा अक्षरांचा असा पासवर्ड पुरेसा भक्कम होतो. शिफ्ट आणि चिन्हांचे पान शेवटी एकदाच लागते, आणि चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, पाठवण्याआधी एकदा वाचून घेता येते.